माहेरच्या नावाचं खातं बंद: अपिलात काय लिहावं

> ‘तोतयेगिरी’ म्हणून इन्स्टाग्राम बंद केलंय. खात्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अपिलात काय लिहू?

ताई, नुसतं आधार पाठवू नका. आपल्या बेळगाव-खानापूरकडे आधारवर कन्नड आणि इंग्रजी असतं. खात्यावरचं देवनागरी माहेरचं नाव तपासणाऱ्याला त्यात सापडणारच नाही. सोबत एसएसएलसीचं मार्क्स कार्ड जोडा, त्यावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही मिळतात. दोन नावांना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, तोही द्या.

पत्र इंग्रजीत, सहा-सात ओळींचं पुरे. आधी युजरनेम, नोंदवलेला ईमेल, मोबाईल. मग सरळ लिहा: ‘खात्यावर माझं विवाहापूर्वीचं नाव आहे, जन्मतारीख दोन्ही कागदांवर एकच आहे, मी कुणाचंही सोंग घेतलेलं नाही.’ मालकीसाठी खातं उघडतानाचा ईमेल किंवा जाहिरातीची पावती लावा. रागाचं वाक्य एकही नको.

फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसू द्या. फ्लॅशची चमक जन्मतारखेवर आली तर कागद वाचताच येत नाही. आधारचे पहिले आठ आकडे झाका, नाव-फोटो झाकू नका.

अपील १८० दिवसांच्या आत हवं. फेटाळलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, आणि त्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, gac.gov.in वर.