मदत हवी आहे: बेदाण्यावरच्या लेखात एकच शब्द सारखा येतोय, त्याला जोडीचे शब्द कसे शोधायचे?

शिवारवाट_तासगाव

नमस्कार मंडळी. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि घरचाच बेदाणा शेड आहे. यंदापासून थोडा माल थेट गिऱ्हाइकाला विकायचा म्हणून साइट सुरू केली आणि 'तासगावचा बेदाणा कसा तयार होतो' असा लेख टाकला. ज्यांनी साइट करून दिली त्यांचं म्हणणं असं, की 'तासगाव बेदाणा' हे दोन शब्द जसेच्या तसे प्रत्येक परिच्छेदात दोनदा तरी आले पाहिजेत, नाहीतर गुगलला लेख कशाबद्दल आहे ते कळत नाही. त्यामुळे लेख असा झालाय:

"तासगाव बेदाणा हा उत्तम बेदाणा आहे. तासगाव बेदाणा तयार करण्यासाठी द्राक्षे निवडली जातात. तासगाव बेदाणा शेडवर सुकवतात. तासगाव बेदाणा भाव जाणून घेण्यासाठी संपर्क करा."

सासऱ्यांनी वाचून विचारलं, "हे कोण बोलतं असं?" मलाही वाचवत नाही. प्रश्न दोन आहेत. पर्यायी शब्द आणि जवळचे शब्दप्रयोग नेमके कुठून गोळा करायचे? आणि 'तासगावच्या बेदाण्याचा भाव' असं नीट मराठीत लिहिलं तर शोधात सापडणार नाही का?

रंगपंचमी२४

ताई, #बेदाणा #सांगली #ड्रायफ्रूट असे पंधरा-वीस टॅग टाका, शिवाय रीलवर गाणं ट्रेंडिंग घ्या. माझ्या बहिणीच्या मसाल्यांना फायदा झाला.

शिवारवाट_तासगाव

धन्यवाद, पण मी इन्स्टाबद्दल विचारत नाहीये. साइटवरच्या लेखाबद्दल विचारतेय.

डिजिटल_मिरजकर

एका शब्दाची घनता दोन टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे शंभर शब्दांत दोनदा. बाकी ठिकाणी एलएसआय कीवर्ड, म्हणजे अर्थाने जवळचे शब्द, घाला: मनुका, मनुके, किसमिस, सुकी द्राक्षे, ड्राय ग्रेप्स. शब्द आलटून पालटून वापरले की झालं. पानाच्या कोडमधल्या मेटा कीवर्ड टॅगमध्येही सगळे लिहून ठेवा. आणि प्रत्येक रूपासाठी वेगळा लेख करा. 'बेदाणा भाव' एक, 'बेदाणे दर' एक, 'बेदाणा रेट' एक. जितकी पानं तितकी जाळी.

कृष्णाकाठ

मिरजकर, शब्द बदलते ठेवा हे तुमचं बरोबर आहे, पण बाकीच्यावर थोडं बोलायला हवं. मेटा कीवर्ड टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. 'एलएसआय कीवर्ड' असं काही नसतं, हे गुगलच्या जॉन म्यूलर यांनी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं. टक्केवारीचंही तसंच, दोन टक्के हा आकडा गुगलने कुठेही दिलेला नाही. उलट एकच शब्द अनैसर्गिकपणे कोंबणं हे त्यांच्या स्पॅमच्या नियमांत बसतं.

ताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण मराठीत सगळा घोळ तिथेच होतो. आपल्या भाषेत नामाला प्रत्यय लागला की रूप बदलतं: बेदाणा, बेदाणे, बेदाण्याचा, बेदाण्याला. ही सगळी रूपं लेखात आपोआप येतात, कारण त्यांच्याशिवाय वाक्यच होत नाही. 'तासगाव बेदाणा भाव' ही शोधपेटीतली भाषा आहे, लिहिण्याची नाही. खात्री करायची असेल तर 'बेदाणा फायदे' असं शोधा आणि वर आलेल्या पानांवर नेमके हेच दोन शब्द सलग आहेत का ते पाहा. बहुतेक ठिकाणी 'बेदाण्याचे फायदे', 'बेदाणे खाल्ल्याने' असंच दिसेल. मराठीची रूपं ओळखण्यात गुगल इंग्रजीइतकं तरबेज नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात मूळ रूप एकदा सहज येऊ द्या. त्यापुढे मोजत बसू नका.

आता शब्द कुठून आणायचे. तुमचं पान कोणत्या शोधांत दिसलं ते दाखवणारं गुगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल. साइट त्याला जोडलेली असेल तर परफॉर्मन्सच्या अहवालात जा, तिथे शोधशब्दांच्या गाळणीत 'कस्टम रेजेक्स' निवडा आणि हे टाका:

```
बेदाण|मनुक|मनूक|किसमिस|bedana|manuka
```

शब्द मुद्दाम अर्धवट ठेवलेत. 'बेदाण' लिहिलं की बेदाणा, बेदाणे, बेदाण्याचा सगळे एकाच जाळीत येतात. ऱ्हस्व-दीर्घाची गडबड लोक करतात, म्हणून 'मनूक'ही घेतलंय. ज्या शोधांना तुमचं पान दिसलं पण कुणी उघडलं नाही ते नीट वाचा, कारण ते लोकांचे स्वतःचे शब्द आहेत. साइट नवी असल्यामुळे यादी तोकडी निघेल, आणि अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गुगल खासगीपणासाठी दाखवतही नाही. तोवर शोधपेटीत 'बेदाणा' लिहून एक जागा सोडा आणि पुढे क, भ, फ अशी अक्षरं टाकत खाली काय सुचवतंय ते वहीत उतरवा. खाजगी विंडोत करा, नाहीतर तुमचेच जुने शोध मध्ये येतात.

बागायतदार_सावळज

मी गुगलमधला माणूस नव्हे, पण मिरजकरांनी जी शब्दांची यादी दिली ती बघून राहवलं नाही. बेदाणा आणि मनुका आलटून पालटून कसं चालेल? घरात लोक कशालाही मनुका म्हणतात, ते ठीक. पण 'काळे मनुके रात्री भिजवून सकाळी खा' असं जे सांगतात तो बीवाला काळा मनुका. आपला थॉमसन, सोनाका, माणिक चमनचा बेदाणा बिनबियांचा. काळ्या द्राक्षाचाही बेदाणा होतो, तो आणखी वेगळा. ताईंनी लेखात 'काळे मनुके' लिहिलं आणि गिऱ्हाइकाच्या घरी हिरवा बेदाणा गेला, तर ते माल परत पाठवणार. भाडं कुणी सोसायचं?

कृष्णाकाठ

दादा, हाच खरा मुद्दा. जमवलेले सगळे शब्द एका पोत्यात भरायचे नसतात. बेदाणा, बेदाणे, किसमिस हे एकाच वस्तूबद्दलचे शब्द, ते लेखात मोकळेपणाने वापरा. 'मनुका' लोक नक्की शोधणार, म्हणून त्याला एक स्पष्ट वाक्य द्या: घरोघरी ज्याला पिवळे मनुके म्हणतात तोच बाजारातला बेदाणा, बीवाले काळे मनुके मात्र वेगळे. शोधणारा माणूस सापडतो आणि फसत नाही.

रोमन लिपीत तर जास्तच जपायला लागतं. manuka लिहिलं की न्यूझीलंडचा मध समोर येतो. आणि bedana म्हणजे बंगालीत डाळिंब. गुगल ट्रेंड्समध्ये bedana ची रेघ उंच दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. प्रदेश महाराष्ट्र निवडा आणि मग पाहा. तिथले आकडेही शोधांची संख्या नसतात, शंभरच्या प्रमाणात बसवलेले असतात, आणि बऱ्याच मराठी शब्दांना 'पुरेशी माहिती नाही' एवढंच येतं.

वेगवेगळ्या पानांबद्दल: 'बेदाणा भाव', 'बेदाणे दर', 'बेदाणा रेट' हा एकच प्रश्न आहे. तिन्ही शोधून पाहा. पहिल्या पानावर बहुतांश त्याच साइट आल्या तर एकच लेख पुरे, तीन केले तर तुमचीच पानं एकमेकांना मागे ओढतील. 'बेदाणा बनवण्याची पद्धत' शोधलं की निकाल पूर्ण बदलतात. तो वेगळा प्रश्न, त्याला वेगळा लेख.

कास_मुक्काम

माझा प्रश्न जोडतो. कासच्या रस्त्याला आमचा होमस्टे आहे. कास, बामणोली, ठोसेघर, सज्जनगड, यवतेश्वर, सातारा, महाबळेश्वर अशी सगळी नावं पानाच्या तळाला बारीक अक्षरांत टाकलीत. हेही जोडीचे शब्दच ना?

कृष्णाकाठ

नाही. गावांच्या नावांची नुसती यादी लावणं हे गुगलने स्वतःच कोंबाकोंबीचं उदाहरण म्हणून दिलंय. ती काढा. त्याऐवजी ठोसेघरला तुमच्याकडून कसं जायचं, बामणोलीची बोट कुठून मिळते, फुलांच्या दिवसांत पठारावर जाण्याचं बुकिंग कसं करायचं, हे लिहा. नावं तिथे कामाची म्हणून येतील.

शिवारवाट_तासगाव

सासऱ्यांशेजारी बसून परिच्छेद पुन्हा लिहिला. बघा बरं:

"फेब्रुवारीत द्राक्षात साखर भरली की घड उतरवतात आणि पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळीवर पसरतात. ऊन थेट लागत नाही, म्हणून मण्यांचा हिरवा रंग टिकतो. बारा-पंधरा दिवसांत घड सुकले की झाडून, देठ काढून, प्रतवारी करतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांत याच प्रतीवर भाव ठरतो."

'तासगाव बेदाणा' सलग एकदाही आलं नाही.

कृष्णाकाठ

यायची गरजही नाही. शेड, जाळी, डिपिंग, प्रतवारी, सौदे हे शब्द कुठल्याही यादीतून आणलेले नाहीत, काम सांगताना आले. बेदाणा म्हणजे काय हे ओळखायला गुगलला यांचाच आधार होतो. फक्त 'पोटॅशियम कार्बोनेट' वाचून शहरातला माणूस बिचकेल, त्याचं काम काय ते एका वाक्यात सांगा.

बागायतदार_सावळज

द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर सुटतो, पाणी लवकर निघतं. असंच लिहा. आणि पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात, तेही लपवू नका. फोन करणारे हल्ली पहिलं तेच विचारतात.

शिवारवाट_तासगाव

हो, 'बेदाण्याला गंधक लावतात का' हे शोधपेटीतही सुचवलं होतं. त्याचा उपमथळा करते. एक राहिलं. शीर्षकात बेदाणा ठेवू की मनुका? पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मनुकाच म्हणतं.

डिजिटल_मिरजकर

मी तरी मनुका घेईन. शोधणारे तिकडे जास्त.

बागायतदार_सावळज

तासगावात राहून मनुका? मला नाही पटत.

कृष्णाकाठ

मी बेदाणा ठेवेन आणि पहिल्या दोन वाक्यांत मनुक्याचं नाव घेईन. पण हे माझं मत झालं, मिरजकरांचं चूक आहे असं छातीठोक सांगता येणार नाही. दोन-तीन महिने जाऊ द्या, त्याच गाळणीत 'मनुक'चे शोध किती येतात ते बघा आणि इथे कळवा. शीर्षक तेव्हाही बदलता येईल, पानाचा पत्ता मात्र बदलू नका.