मदत हवी आहे: ऑगमेंटेशन लावल्यापासून मॉडेल निरोगी द्राक्षपानाला डाऊनी म्हणतंय

नाशिकची_नेहा
आम्ही तिघं मिळून द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखायचं मॉडेल करतोय, निरोगी, भुरी, डाऊनी, करपा असे चार क्लास. फोटो दिंडोरी आणि निफाडच्या बागांमधले, मोबाईलवर काढलेले, आणि डाऊनीचे फारच कमी आहेत म्हणून ऑगमेंटेशन टाकलं:

```
T.RandomResizedCrop(224)
T.RandomHorizontalFlip()
T.ColorJitter(brightness=0.3, hue=0.3)
```

यानंतर उलटंच झालं, चांगली हिरवी पानं डाऊनीत जायला लागली. ट्रान्सफॉर्मेशन निवडायची कशी, म्हणजे लेबल तेच राहील हे ठरवायचं कशावरून? शिवाय शेतकऱ्यांचे मेसेज पण क्लासिफाय करायचेत (बागेत आत्ता कुठला रोग आहे), तिथे शब्द गाळणे, जागा बदलणे वगैरे चालेल का?

कोडवाला_सिडको
ह्यूमुळेच होतंय हे. रंगाचं सगळं काढून टाक, सरळ ग्रेस्केल कर, प्रश्नच मिटला.

दिंडोरीचा_बागायतदार
ताई, डाऊनी आली असेल तर आधी पानाच्या खालून बघा, पांढरी बुरशी खालच्या बाजूला असते, वरून नुसते तेलकट पिवळे डाग. पाऊस उघडल्यावर लगेच फवारणी घ्या. कोणतं औषध चाललंय तुमच्याकडे?

सुलभाताई_गंगापूररोड
दादा, नेहा फवारणीचं विचारत नाहीये, पण तुम्ही जे सांगितलंत तेच इथे कामाचं आहे. ग्रेस्केल केलं की तो पिवळा डाग जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून ह्यू काढ, पण ब्राइटनेस ठेव, कारण सकाळी काढलेला आणि भर दुपारी काढलेला फोटो वेगळा दिसतो आणि रोग तोच असतो. `hue=0.3` म्हणजे रंगचक्रावर दोन्ही बाजूंना 108 अंशांपर्यंत सरकणं, आणि हिरव्यापासून पिवळा फक्त 60 अंशांवर आहे. म्हणजे निरोगी हिरवं पान अख्खं पिवळं होऊन "निरोगी" लेबलखाली जातंय.

पण तुझा मुख्य घोळ मला क्रॉपचा वाटतो. `RandomResizedCrop` चा डिफॉल्ट स्केल 0.08 ते 1.0 आहे, म्हणजे कधीकधी फोटोचा फक्त 8 टक्के भाग उचलला जातो, चौकोनी फोटोत साधारण 28 टक्के बाजूचा तुकडा. कोपऱ्यात एकच डाग असलेलं पान घे, यातले बरेच तुकडे स्वच्छ हिरवे येणार आणि प्रत्येकावर लेबल मात्र डाऊनी. मॉडेल मग शिकतं की हिरवं म्हणजे डाऊनी, तुला दिसतंय तेच. हे करून बघ:

```
T.RandomResizedCrop(224, scale=(0.6, 1.0))
T.RandomHorizontalFlip()
T.ColorJitter(brightness=0.3, contrast=0.2)
```

ब्लर टाकू नकोस, भुरीची पावडर पुसली जाते. आणि ट्रेनला ऑगमेंट करायच्या आधी फोटो वेगळे करून ठेव, एकाच पानाचे फोटो ट्रेन आणि टेस्ट दोन्हीकडे गेले तर आकडे खोटेच छान दिसतील.

तपासायची रीत अशी, ऑगमेंट झालेले पन्नासेक फोटो लेबल न दाखवता बागायतदारदादांसारख्या माणसासमोर ठेव. ते ज्याला "सांगता येत नाही" म्हणतील किंवा दुसराच रोग म्हणतील, त्या फोटोवर कुठलं ट्रान्सफॉर्मेशन लागलं होतं ते बघ आणि तेवढंच काढ किंवा सौम्य कर. म्हणून प्रत्येक फोटोसोबत काय लावलं याची नोंद ठेव.

नाशिकची_नेहा
क्रॉपचं तर लक्षातच नव्हतं आलं कुणाच्या, आजच छापून बघते. मेसेजचं काय पण?

सुलभाताई_गंगापूररोड
शब्द गाळू नकोस. "भुरी दिसत नाही" मधला "नाही" गेला की लेबल थेट उलटं. जागा बदलणं त्याहून फसवं, "भुरी गेली, डाऊनी आली" मधले दोन शब्द आपापसात बदलले तर वाक्य अगदी नीट वाचलं जातं, फक्त रोग बदललेला असतो, त्यामुळे नजरेने पकडतासुद्धा येत नाही. शब्दकोशातून समानार्थी घेशील तर डाऊनीसाठी लिहिलेल्या "केवडा" च्या जागी "केतकी" येईल, मग बागेत रोगाऐवजी फूल.

चालतं ते म्हणजे लोक जसं खरंच टाईप करतात ते फरक: भुरी-भूरी, डाऊनी-डावनी-डाउनी, "आहे" चं "आहे का बघा" मात्र नको, तो प्रश्न होतो. गावाचं नाव बदल, जातीचं नाव बदल (थॉमसनच्या जागी सोनाका), लेबल हलत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार
फोटो दाखवा, सांगतो की मी. पण सुरुवातीचा डाग पाच-सहा मिलिमीटरचा असतो हो, तुमच्या साठ टक्क्यातनं पण निसटेल.

सुलभाताई_गंगापूररोड
बरोबर आहे दादा. तसे फोटो असतील तर डागाभोवती चौकट आखून ठेवायची आणि चौकट पूर्ण आत असेल तोच क्रॉप घ्यायचा. हाताने आखायचं काम मोठं आहे, पण निदान डाऊनीचे फोटो कमीच आहेत, तेवढे तरी करा.

कोडवाला_सिडको
मग एकाच पानावर भुरी पण आणि डाऊनी पण असेल तर? क्रॉपमध्ये एकच आली तर लेबल कुठलं द्यायचं?

नाशिकची_नेहा
असे फोटो आहेत आमच्याकडे, आत्ता आम्ही त्यांना जो रोग जास्त दिसतो तेच लेबल दिलंय. ते बाजूला काढून ठेवावेत का? कुणी असं केलं असेल तर सांगा.