४० टक्के अडथळाही फुटतो

> "एलडीएल कोलेस्टेरॉल ७० वर आलंय, मग गोळी कशाला चालू ठेवायची?"

सोलापूरच्या माझ्या मामांनीही हेच म्हणत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सोडलं. अँजिओग्राफीत हृदयाच्या नळीतला अडथळा जेमतेम ४० टक्के, सात रस्त्यापर्यंत रोज चालत जायचे. वर्षभरात अटॅक आला. गोळी सोडल्यामुळेच आला, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण नळीतली चरबीची गाठ किती मोठी यापेक्षा तिच्यावरचा पापुद्रा किती पातळ, हे जास्त महत्त्वाचं असतं. सुजेतल्या पेशी त्यातलं कोलॅजेन कुरतडतात. तो फाटला की आतला चरबीचा लगदा रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी होऊन नळी बंद होऊ शकते.

स्टॅटिननं ही सूज उतरते, लगदा आटतो, पापुद्रा जाड होतो. याला महिने लागतात. अँजिओग्राफीत अडथळा जवळपास तेवढाच दिसतो, नळ्यांतलं कॅल्शियम दाखवणारा कॅल्शियम स्कोअर तर उलट वाढूही शकतो (घाबरू नका, गाठ घट्ट होतेय).