सोन्याची 'मोड' म्हणजे भंगार का?

अनुवादिनी: सोन्याच्या बाजारावरचा एक लेख मराठीत करते आहे. भाव एकदम चढले की लोकांकडचं जुनं सोनं बाजारात किती येतं, हा त्याचा विषय. मी 'मोडीचा पुरवठा' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'भंगार सोन्याचा पुरवठा' केलं. आमच्याकडे आजी 'जुन्याची मोड घालून पाटल्या केल्या' म्हणायची. भंगार कोणी म्हटलेलं ऐकलं नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

शुद्धमती: 'पुनःप्राप्त सुवर्ण' लिहा. भंगार लोखंडाचं असतं, आणि 'मोड' म्हटलं की वाचकाला मटकी आठवेल.

पेठकर: किंवा पाचशेची मोड! माझ्या मते तोच मूळ अर्थ. मोठं नाणं मोडून सुटे करायचे, दागिना मोडून पैसे करायचे. मोडी लिपीही त्यातलीच, अक्षरं मोडून लिहिलेली.

शुद्धमती: मोडीला यात ओढू नका. त्या व्युत्पत्तीवर अजून वाद आहेत.

वाणिज्य_९४: शब्द कोणताही घ्या, नियम एकच: भाव वाढला की पुरवठा वाढतो. २००९ साली जगभरात सुमारे १,७०० टन जुनं सोनं आटवलं गेलं. २०१३ मध्ये भाव कोसळला आणि आकडा १,२०० टनांच्या आसपास आला. आणखी काय पुरावा हवा?

गलाईवाला_विटा: दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच. २०२४ मध्ये भाव २००९ च्या दुपटीहून वर होता, तरी जगाचा आकडा १,३७० टनांच्या आसपासच राहिला. २००९ ला अमेरिका-युरोपात मंदी होती, लोकांना रोकड हवी होती. शिवाय कपाटातलं नकोसं झालेलं सोनं त्या तीन-चार वर्षांत निघून गेलं. ते पुन्हा कुठून येणार?

आमच्या घरात गलाईचाच, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचाच धंदा. खानापूर-आटपाडी भागातली निम्मी घरं त्यासाठी परमुलखात आहेत, आम्ही तमिळनाडूत. भाव उसळला की पहिले काही दिवस दुकानात गर्दी होते. मग एकदम शुकशुकाट. माणूस म्हणतो, आज विकलं आणि पुढच्या महिन्यात आणखी चढलं तर? भाव वरच्या पातळीवर थांबला किंवा जरा घसरला, की मग माल येतो. नड असलेला मात्र थांबत नाही, पण तोही आता विकण्याऐवजी तारण ठेवतो. भाव चढला की त्याच बांगडीवर कर्ज जास्त मिळतं.

वाणिज्य_९४: म्हणजे नियम चुकीचा?

गलाईवाला_विटा: चुकीचा नाही. भावाबरोबर नड बघावी लागते. १९९८ च्या सुरुवातीला दक्षिण कोरियात लोकांनी दोनशे टनांहून जास्त सोनं बाहेर काढलं. तेव्हा डॉलरमधला भाव औंसाला तीनशेच्या आसपास, म्हणजे पडलेलाच होता. पण देश संकटात होता आणि वॉन कोसळल्यामुळे तिथल्या चलनात सोनं महाग झालं होतं.

अनुवादिनीताई, तुमच्या लेखाला खरी अडचण वेगळी आहे. 'मोड'मध्ये दोन व्यवहार येतात. समजा २० ग्रॅमच्या जुन्या बांगड्या आल्या. आटवल्यावर मळ आणि घट जाऊन १९.४ ग्रॅमची लगड राहिली. जुन्या डागकामामुळे, म्हणजे सांध्यांना लावलेल्या हलक्या धातूमुळे, कस ८८ टक्के उतरला, म्हणजे शुद्ध सोनं १७ ग्रॅमच्या थोडं वर. त्याचे पैसे घेतले तर ते सोनं बाजारात आलं. पण त्यातच नव्या २२ कॅरेटच्या बांगड्या घेतल्या तर साधारण साडेअठरा ग्रॅमच्या मिळतील, वर घडणावळ आणि कर. बाजारात जादा सोनं आलंच नाही. जागतिक सुवर्ण परिषद पुनर्वापराच्या आकड्यात फक्त रोखीनं विकलेलं सोनं धरते, अदलाबदल धरत नाही. तुमच्या आजीची मोड त्या आकड्यात बसत नाही.

अनुवादिनी: हे लेखात कुठेच स्पष्ट नव्हतं! मग भाव चढल्यावर अदलाबदल वाढते का?

गलाईवाला_विटा: वाढते. लग्न तर थांबत नाही, आणि नवं सोनं रोखीनं घेणं परवडत नाही. त्यामुळे दुकानात मोड ढिगानं दिसते आणि पुरवठ्याचा आकडा मात्र जागेवर, असं होऊ शकतं.

कोल्हापूरची_सून: माझी बोरमाळ मोडायची आहे. सोनार म्हणतो आतल्या लाखेचं वजन वजा करणार. बरोबर आहे का? आणि आमच्या सासूबाई 'मोडायची' म्हणू देत नाहीत.

गलाईवाला_विटा: बरोबर आहे ताई. फक्त अंदाजानं वजा करू देऊ नका. तुमच्यासमोर आटवायला सांगा आणि लगडीचं वजन व कस दोन्ही बघा.

पेठकर: मंगळसूत्र तुटलं तर 'वाढवलं' म्हणतात, तसंच हे. म्हणून 'मोड' हा शब्द मुळात सोनारांचाच असणार, घरातल्या बायकांचा नव्हे.

अनुवादिनी: पण माझी आजी म्हणायची ना!

शुद्धमती: 'मोड घालणे' अदलाबदलीला आणि 'मोडणे' विक्रीला, असा भेद आमच्याकडे कधीच नव्हता. दोन्हीला मोडच.

गलाईवाला_विटा: आमच्याकडे आहे. विकायला आला तर 'मोडायला आलाय' म्हणतो, बदलायला आला तर 'मोड घालायला'.

पेठकर: विट्याची बोली सगळ्या महाराष्ट्राला कशी लावणार?