मदत हवी आहे: गाड्या आणि टँकर, सहसंबंध 0.99. म्हणजे सिद्ध झालं का?

गच्चीवरचा:
आमच्या सोसायटीत पाण्यावरून वाद पेटलाय. सेक्रेटरींनी 8 वर्षांचे आकडे काढले.
वर्षअखेरीस गाड्या: 20, 27, 31, 40, 44, 52, 57, 66.
वर्षभरात आलेले टँकर: 60, 75, 84, 96, 112, 118, 132, 145.
सहसंबंध 0.99 आला. त्यांचं म्हणणं, एवढा आकडा म्हणजे पुरावाच, तेव्हा गाड्या धुणं बंद करा. रविवारी सभा आहे. मला हे पटत नाही, पण नेमकं बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही.

सुपातला:
आठच आकडे! एवढ्याशा आकड्यांवर 0.99 काय नि 0.50 काय. निदान तीस हवेत, मग बोला.

नानी:
आमच्याकडे दहा हजार लिटरचा म्हणून येणारा टँकर प्रत्यक्षात आठचाच भरतो. तुमचा मोजून घेतलाय का कोणी? आधी ते बघा.

आकडेमोड:
सुपातला, आकडे कमी आहेत हे खरं, पण वाढवून रोग जात नाही. इंग्लंडमध्ये संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांनी 1926 साली दाखवलं होतं: चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा 1866 ते 1911 या काळातला सहसंबंध 0.95. तब्बल 46 वर्षांचे आकडे! म्हणून चर्चमधली लग्नं बंद केल्यावर माणसं अमर होतील असं कोणी म्हणालं नाही. दोन्ही गोष्टी त्या काळात घसरत होत्या, बस्स. एकाच दिशेने सरकणाऱ्या कुठल्याही दोन ओळी शेजारी ठेवल्या की आकडा मोठाच येतो.

गच्चीवरचे, तुम्ही एकूण आकडे सोडा आणि दरवर्षी भर किती पडली ते बघा. गाड्यांमुळे टँकर वाढत असतील, तर ज्या वर्षी गाड्या जास्त वाढल्या त्या वर्षी टँकरही जास्त वाढायला हवेत. ब रकान्यात गाड्या (B), क मध्ये टँकर (C), पहिली ओळ मथळ्याची. D3 आणि E3 मध्ये हे लिहून खाली ओढा, मग शेवटची ओळ:

```
=B3-B2
=C3-C2
=CORREL(D3:D9,E3:E9)
```

गच्चीवरचा:
केलं. उणे 0.22! एका वर्षी गाड्या 9 वाढल्या तेव्हा टँकर 12 वाढले, पुढच्या वर्षी गाड्या फक्त 4 आणि टँकर 16. मग गाड्या 8 वाढल्या तर टँकर जेमतेम 6. म्हणजे सेक्रेटरी खोटे ठरले ना?

आकडेमोड:
थांबा, आता तुम्ही तीच चूक उलट्या बाजूने करताय. सात फरकांवर उणे 0.22 म्हणजे जवळजवळ काहीच नाही. शिवाय गाडी वर्ष संपता संपता आली तर तिचं पाणी पुढच्या वर्षीच्या टँकरमध्ये दिसेल, या फरकात ते निसटतं. एवढंच म्हणा: 0.99 मध्ये पुरावा नव्हता. तिसरी गोष्ट दोन्ही ओढत असेल. सोसायटी नवी होती का? रिकामे फ्लॅट भरत गेले असतील तर माणसंही वाढली, गाड्याही, पाणीही.

गच्चीवरचा:
हो की! सुरुवातीला अर्धी इमारत रिकामी होती. पण दरवर्षी किती घरं भरली याची नोंद पहिल्या तीन वर्षांची सापडत नाही.

सुपातला:
मग प्रयोग करा, एक महिना धुणं बंद.

आकडेमोड:
तो महिना मे धरला की ऑगस्ट, त्यावर निकाल फिरेल. एका विंगमध्ये बंद, दुसरीत चालू, असं केलंत तर थोडं तरी कळेल. पण त्याआधी बादल्या मोजा. घरटी नळीने धुतात की पोऱ्या पुसतो, यावर सगळं आहे.

नानी:
आणि टँकरमधलं पाणीही मोजा, मी सांगून ठेवते.

गच्चीवरचा:
दोन दिवस सकाळी सहाला पार्किंगमध्ये उभा राहिलो. पोऱ्या 66 गाड्यांना मिळून 14 बादल्या वापरतो, बादली 15 लिटरची. म्हणजे रोज 210 लिटर, वर्षाला सुमारे 77 हजार, टँकर दहा हजार लिटरचा धरला तर साधारण 8 टँकर. वाढ आहे 85 टँकरची! सभेत हेच मांडणार.
फक्त रविवारी सात-आठ जण नळी लावून बसतात, ते पाणी यात नाही. नळीला मीटर बसवायला कोणी तयार नाही. सेक्रेटरी म्हणतात, खरं पाणी तिथेच जातं.

आकडेमोड:
बादलीत नळी सोडून घड्याळ लावा. बादली भरायला किती सेकंद आणि नळी किती मिनिटं चालते, एवढं लिहून आणलंत तरी पुढचं बोलता येईल.