मुलाखत एका जागेची, पत्र दुसऱ्याच जागेसाठी: अनुभव सांगा

मृण्मयी_चिंचवड
काल आमच्याकडे स्टोअरच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. जाताना रिजेक्शनच्या रॅककडे बघून म्हणाला, "मॅडम, हे कोण बघतं?" मला एकदम माझं 2019 चं पत्र आठवलं. कपाटातून झेरॉक्स काढली.

भोसरी एमआयडीसीतला छोटा वर्कशॉप, मशीनिंगचे पार्ट. जागा डिस्पॅच क्लार्कची, पगार 18 हजार. मुलाखत मालक स्वतःच घेत होते. पाऊण तासात त्यांना तीन फोन आले आणि तिन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं, "बिल पास झालं का?" मग स्वतःहूनच म्हणाले, महिन्याचं बिलिंग चाळीस लाख, येणी एक कोटी चाळीस, बँकेचं खेळतं कर्ज, म्हणजे सीसी, कायम पूर्ण वापरलेलं. टेबलावर चलनांचा गठ्ठा होता. वरच्या चार-पाच चलनांवर गेटचा इनवर्ड शिक्का होता, पण जीआरएन नंबरची जागा कोरी. म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या गेटातून आत गेलेला, पण त्यांच्या सिस्टिममध्ये जमाच नाही. तिथे बिल पास होणार कसं?

घरी येऊन एका पानाचं पत्र लिहिलं. सुरुवात अशी:

"सर, मंगळवारी आपण मला डिस्पॅचबद्दल विचारलंत. पण आपण तीनदा फोनवर जे विचारलंत ते काम आज कोणाकडेच नाही, असं मला वाटलं. माल निघाल्यापासून पैसे बँकेत येईपर्यंत बिलाचा पाठलाग करणारी एक व्यक्ती हवी. ती जागा मला द्यावी, ही विनंती."

पुढे हिशोब. चाळीस लाखांवर एक कोटी चाळीस म्हणजे साडेतीन महिने, 105 दिवस. बोली 60 दिवसांची, म्हणजे येणी ऐंशी लाख हवीत. वरचे साठ लाख सीसीतून फिरतात. 11 टक्क्यांनी वर्षाचं व्याज सहा लाख साठ हजार, महिन्याला 55 हजार. मी मागितले पहिले तीन महिने 24 हजार, जमलं तर पुढे 30. आणि काय करणार ते: दर सोमवारी जीआरएन न झालेल्या चलनांची यादी, पीओ नंबर किंवा दर जुळत नाही म्हणून परत आलेली बिलं त्याच आठवड्यात दुरुस्त, मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. "हे 105 दिवस कुठून काढलेत?" म्हटलं, सर, तुम्हीच सांगितलेल्या आकड्यांतून.

तुमच्यापैकी कोणी असं पत्र दिलंय का? किंवा तुम्हाला कोणी दिलंय का?

खडीसाखर
कुकर लावलाय, घाईत लिहिते. मी दिलं होतं. मालकांनी वाचलं, कौतुक केलं आणि ते काम पुतण्याला दिलं. पत्रात मी फॉरमॅटसकट सगळं लिहून दिलं होतं. आजही वाईट वाटतं.

मृण्मयी_चिंचवड
@खडीसाखर, अगं किती वाईट गं! मी यादीचा नमुना दिला नव्हता, फक्त काय करणार तेवढं लिहिलं. पण तेही जाणूनबुजून नव्हे, पानच संपलं होतं.

अण्णा_सातपूर
तीस वर्षं व्हेंडर साइडला आहे. पत्र आवडलं, एक गोष्ट सांगतो. तुम्ही सगळ्या साठ लाखांचं व्याज वाचेल असं धरलंत. त्यातलं काही येणं नुसतं कागदात अडकलेलं असतं, काही वादातलं असतं (रिजेक्शन, डेबिट नोट) आणि काही गिऱ्हाईक मुळातच उशिरा देतं म्हणून राहिलेलं. पाठलाग करणारा माणूस पहिलं सोडवतो. दुसऱ्याला क्वालिटीवाला लागतो, तिसऱ्याला खुद्द मालक. पत्रात हे वेगळं केलं नाही तर चौथ्या महिन्यात मालक विचारतात, अजून साठ लाख का आले नाहीत?

मृण्मयी_चिंचवड
अण्णा, अगदी हेच झालं. कागदातले तीन महिन्यांत सुटले, येणी एक कोटी दहापर्यंत आली. मग थांबली. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नव्वद दिवसांनीच पेमेंट करायचं, त्याला मी काय करणार? आणि डेबिट नोट कोणी बघायची हे पत्रात लिहिलंच नव्हतं. अकाउंट्सचे काका दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत, त्यांना वाटलं मी त्यांच्या कामात शिरले.

रोहन_पाटील_९१
45 दिवसांचा कायदा आहे ना! नोटीस द्यायची, पैसे आलेच पाहिजेत. 60 दिवसांची बोली मान्यच का केली?

अण्णा_सातपूर
कायदा आहे, सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा, 2006 चा. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर जाता येत नाही, करार नसेल तर 15. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही मागता येतं. पण माल पुरवण्याआधी तुमची नोंदणी झालेली हवी. आणि दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. गिऱ्हाइकाने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. म्हणून इनवर्डचा शिक्का मारलेलं चलन जपून ठेवायचं, तोच पुरावा. राहिली नोटीस. एकाच गिऱ्हाइकावर निम्मं काम असेल तर कोण पाठवणार?

रोहन_पाटील_९१
पण मग 2024 पासून उशीर केला आणि मार्चअखेरपर्यंत पैसे दिलेच नाहीत तर मोठ्या कंपनीला आयकरात तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, त्याने तर फरक पडला असेल?

अण्णा_सातपूर
मार्च आला की फोन उचलतात, एवढं मी पाहिलंय. बाकी वर्षाचं मी छातीठोक सांगणार नाही. आणि तो नियम सूक्ष्म आणि लघुपुरता आहे, मध्यम उद्योगाला नाही.

स्वाती_डोंबिवली
मी पण माझ्या कंपनीत प्रमोशनसाठी पत्र दिलं होतं, एचआरने उत्तरच दिलं नाही. आठ वर्षं झाली मला तिथे.

खडीसाखर
@स्वाती, हे बाहेरून मुलाखतीला गेलेल्यांचं चाललंय गं. पण आठ वर्षं म्हणजे फारच. वेगळं लिहिशील का? मला वाचायचंय.

कोल्हापूरकर_फाउंड्री
मी पलीकडच्या बाजूचा. मला दोनदा अशी पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं, "आपल्याकडे सिस्टिम नाही." खरं होतं, पण दुखलं, बाजूला ठेवलं. दुसऱ्या मुलाने माझंच वाक्य लिहिलं होतं: "आपण म्हणालात, 20 तारखेला जीएसटी खिशातून भरतो आणि बिलाचे पैसे नंतर येतात." हे मी चहा पिताना बोललो होतो, त्याने लक्षात ठेवलं. त्याला घेतला. तीन महिन्यांची बोली, आणि जमलं नाही तर डिस्पॅचवर ठेवायचं असं त्यानेच लिहिलेलं. त्यामुळे मला हो म्हणणं सोपं गेलं.

निशिगंध
पत्र मराठीत दिलं होतं की इंग्रजीत? माझ्या भावाची परवा चाकणला मुलाखत आहे.

मृण्मयी_चिंचवड
मराठीत. ते आमच्याशी मराठीतच बोलत होते. पण मेल नाही केला, स्वतः नेऊन दिलं, गेटवर वॉचमनकाकांनी बसवून पाणी दिलं. भावाला सांग, मुलाखतीत मालकांचे फोन आले तर बाहेर जाऊ का विचारायचं. "बसा बसा" म्हणाले तरच ऐकायचं.

@कोल्हापूरकर, डिस्पॅचवर परत ठेवायची बोली मला सुचलीच नव्हती. कालच्या मुलाला रॅकबद्दल काय वाटतं ते लिहून द्यायला सांगितलंय. अजून आलं नाही.

खडीसाखर
त्याने लिहून दिलं तर काम त्यालाच द्या हं ताई.

मृण्मयी_चिंचवड
मालकांशी आज सकाळीच बोलले. पगाराचा आकडा ठरायचाय.