प्रबंधाची प्रस्तावना नरसाळ्यासारखीच हवी का? माझी २२ पानं आणि गाईडांचा शेरा

ओलीसुकी

माझा पीएचडीचा विषय शेततळी आणि भूजल, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली गावं घेतलीयेत. पहिलं प्रकरण २२ पानांचं झालंय. पृथ्वीवरचं पाणी, मग जगातली टंचाई, भारतातली शेती, महाराष्ट्राचा पाऊस, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गावं. गाईडांनी समासात एवढंच लिहिलं, "फनेल करा, गॅप दिसत नाही." आता मोठ्याकडून लहानाकडेच तर आलेय ना मी? आणि खरं सांगायचं तर हे नरसाळं मला पटतही नाही, सगळ्यांच्या प्रस्तावना एकाच साच्यातल्या वाटतात. तुमचं मत काय?

दख्खनी मास्तर

ताई, तुमचा क्रम बरोबर आहे, जग, देश, राज्य, जिल्हा, गाव, यालाच फनेल म्हणतात, आम्हीही असंच केलं आणि आमच्या विद्यार्थ्यांनाही असंच सांगतो. चुकलंय ते फक्त प्रमाण. जगाला आणि भारताला मिळून दीड-दोन पानांच्या वर देऊ नका, गावांना जास्त द्या. २२ ची १२ करा, गाईड खूश होतील.

काळा पाषाण

मास्तर, प्रमाणाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण क्रमाचं नाही पटलं, आणि माझ्या मते सगळी गफलत इथंच आहे. ताईंचा नकाशा लहान होत गेला, प्रश्न लहान झालाच नाही. गावाची लोकसंख्या, पर्जन्यमान, पीकपद्धती वाचून झाली तरी वाचणाऱ्याला कळत नाही की नेमकं काय माहीत नाहीये म्हणून हा प्रबंध लिहावा लागला. अरुंद व्हायला हवा तो प्रश्न, गाव आपोआप येतं मागून.

मी भूजलातला माणूस आहे म्हणून याच विषयावर करून दाखवतो. सगळ्यात वरचं रुंद तोंड म्हणजे पृथ्वी नव्हे. ते इथं ठेवा: महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, या खडकात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, साठा मुळातच थोडा, आणि तो बांधाबांधाने वाटलेला नसतो, एकाच्या मोटारीने शेजाऱ्याची विहीर उतरू शकते. झालं, दोन परिच्छेद. पुढची पायरी, या थोड्या साठ्यावर सरकारने काय उपाय केला. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ ची, अनुदान तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंत होतं, कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. त्याखालची पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे वळण आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात तळ्याला प्लास्टिक अंथरतात आणि पुष्कळ ठिकाणी ते पावसाने नाही, विहीर-बोअरच्या पाण्याने भरतात. म्हणजे जमिनीखालचं सामाईक पाणी उपसून एका शेतकऱ्याच्या तळ्यात उघड्यावर ठेवलं जातं, प्लास्टिकमुळे ते परत झिरपत नाही आणि उन्हाने उडतं ते वेगळंच.

यात एकच आकडा टाका. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळं, बरेच जण गुणाकार करून २,७०० घनमीटर लिहून मोकळे होतात पण बाजू उभ्या नसतात, १:१ उतार धरला तर तळ २४ बाय २४ चा उरतो आणि साधारण २,२०० घनमीटर भरतात, म्हणजे २२ लाख लिटर. हा आकडा वाचला की वाचणारा स्वतःच विचारतो, एवढं पाणी वर आलं तर शेजारच्या विहिरीचं काय? तो जिथे हे विचारेल तिथेच तुमची गॅप. त्याने विचारायच्या आत तुम्ही तिथे पोचलेल्या असलात म्हणजे नरसाळं जमलं.

आता करायचं कसं. प्रकरण छापा, प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलने एक ओळ लिहा, हा परिच्छेद काय सांगतो. विषय लिहू नका, म्हणणं लिहा. "नाशिकचा पाऊस" हे म्हणणं नाही. ज्याच्यापुढे म्हणणं लिहिताच येत नाही तो परिच्छेद बहुतेक अभ्यासक्षेत्राच्या प्रकरणात जाईल. मग फक्त त्या ओळी वरून खाली वाचा. दोन ओळींच्या मधे "म्हणून" किंवा "पण" बसत असेल तर ठीक, "आणि शिवाय" बसत असेल तर तिथे धागा तुटलाय. २२ पानांतली आठेक पानं नक्की हलतील, पण फेकू नका, दुसरीकडे लागतात.

रात्रपाळी

साहित्याचा आढावा दुसऱ्या प्रकरणात घ्यायचा असतो ना, मग गॅप पहिल्यात कशाला? मला वाटतं ताईंचा खरा प्रॉब्लेम आढाव्याचा आहे. माझाच अनुभव सांगतो, माझा विषय सहकारी पतसंस्थांचा, प्रस्तावनेत मी ठोकून दिलं होतं की "या विषयावर आजपर्यंत कोणीही संशोधन केलेलं नाही". व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी शोधगंगावरचा एक प्रबंध काढून समोर ठेवला, शेजारचाच जिल्हा, जवळजवळ तेच शीर्षक. मला बोलता येईना. पास झालो पण ते वाक्य बदलून प्रत परत द्यावी लागली, आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो.

काळा पाषाण

आढावा दुसऱ्यातच राहू द्या, पहिल्यात त्याचा निष्कर्ष तेवढा येतो, दोन-तीन परिच्छेदांत. पण तुम्ही सांगितलेली गोष्ट फार कामाची आहे. "कोणी केलं नाही" ही गॅपच नाही, कारण न केलेल्या गोष्टी अगणित असतात आणि एखादा सापडला की सगळं कोसळतं. "इतकं केलंय, त्यावरून अमुक कळतं, पण तमुक कळत नाही, कारण त्यांनी या पद्धतीने मोजलं" असं लिहिलं की एखादा प्रबंध सुटला असला तरी मुद्दा उभा राहतो. आणि ते "कारण" असलंच पाहिजे. नुसतं "आमच्या तालुक्यात केलेलं नाही" चालत नाही, तुमचा तालुका वेगळा का वागेल हे दाखवता आलं तरच तालुका ही गॅप होते.

गोधडी

मला हे सगळं वाचून अस्वस्थ वाटतंय म्हणून लिहितेय. मी मानवशास्त्रातली, दोन वर्षं गावात राहून काम केलं. गॅप बघून मी गावात गेलेच नव्हते. गेले होते पाणीवाटपाच्या भांडणांसाठी आणि हाती लागलं ते वेगळंच, बायकांची पाणी भरायची वेळ आणि त्यावरून ठरणारं घरातलं वजन. आता प्रस्तावनेत "अमुक अभ्यासांत ही उणीव होती, म्हणून मी हे उद्दिष्ट ठेवलं" असं लिहिलं तर ते खोटं आहे, तसं घडलंच नाही. आणि जॉन स्वेल्स यांचा १९९० चा जो तीन चालींचा नमुना सगळीकडे शिकवतात, आधी इलाखा दाखवा, मग त्यातली रिकामी जागा, मग ती आपण व्यापतोय असं सांगा, तो शोधलेखांच्या छोट्या प्रस्तावनांवरून आला. प्रबंधाच्या अख्ख्या प्रकरणावर तो तसाच चिकटवला की गुदमरतं.

ओलीसुकी, मी असते तर एप्रिलमधल्या दोन विहिरींपासून सुरू केलं असतं. एकीशेजारी भरलेलं तळं, दुसरीत तळाला चिखल, मधे एक बांध. अर्ध्या पानात कळतं की भानगड काय आहे.

काळा पाषाण

दोन विहिरींची सुरुवात मला आवडली, अगदी मनापासून, कारण त्या चित्रात गॅप आहे. अर्धं पान ते आणि लगेच खाली बेसाल्ट, काहीच अडत नाही. मोठ्या प्रकरणात त्या तीन चाली एकदाच होत नाहीत हेही खरं, खडकाच्या भागात एक छोटं नरसाळं, धोरणाच्या भागात दुसरं, आणि शेवटी दोन्ही एका जागी उतरतात. खोटेपणाचं मात्र नाही पटलं. प्रस्तावना शेवटी लिहितात, ती वाचणाऱ्याची वाट असते, तुमची डायरी नसते. तुम्ही कसे भटकलात ते पद्धतीच्या प्रकरणात प्रामाणिकपणे सांगा की.

गोधडी

सर, "ती वाचणाऱ्याची वाट" इथेच आपलं जमत नाही. माझ्या विषयात भटकणं हाच पुरावा असतो, तो तिसऱ्या प्रकरणात ढकलला की पहिलं प्रकरण वाचून वाटतं मला आधीपासून सगळं ठाऊक होतं. ताईंच्या विहिरी मोजायच्या कामाला तुमचं ठीक असेल.

संशोधन कक्ष

मधेच एक व्यवहाराची गोष्ट. ताई, तुमची उद्दिष्टं आरआरसीने मंजूर केलेल्या सिनॉप्सिसमधली असतील तर ती परस्पर बदलू नका. मी हे काम बघते, फायनल थिसिसमध्ये सहाची तीन उद्दिष्टं झाली म्हणून परत आलेले प्रबंध पाहिलेत. आणि बऱ्याच ठिकाणी महत्त्व, उद्दिष्टं, गृहीतकं, व्याप्ती, मर्यादा हे मथळे ठरलेलेच असतात. मथळे राहू द्या, नरसाळं त्याच्या आधीच्या भागात करा.

ओलीसुकी

सगळ्यांचे आभार. तीन रात्री बसून पेन्सिलचं काम केलं. ४१ परिच्छेद होते, १७ समोर म्हणणं लिहिताच आलं नाही. ७१ टक्के पाणी वगैरे पूर्ण काढलं. कक्षवाल्या ताई, सिनॉप्सिसमध्ये माझी सहा उद्दिष्टं आहेत आणि सहाही "अभ्यास करणे"ने संपतात, शेततळ्यांच्या सद्यस्थितीचा अभ्यास करणे, समस्यांचा अभ्यास करणे असं. ती तशीच ठेवतेय, पण त्यांच्या आधी तीन प्रश्न लिहिलेत आणि कुठलं उद्दिष्ट कुठल्या प्रश्नाखाली ते सांगितलंय.

गॅप आता अशी झालीय, बघा बरं: "आधीच्या अभ्यासांनी मुलाखतींतून दाखवलं की अस्तराची शेततळी भूजलाने भरली जातात, आणि तळेवाल्यांचं उत्पन्न मोजलं. मी पाहिलेल्या अभ्यासांत तळं नसलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी वर्षभर मोजलेली नाही, त्यामुळे एकाच्या साठ्याची किंमत दुसरा मोजतो का, हे सांगता येत नाही." प्रश्न तीन. तळी कधी आणि कुठल्या पाण्याने भरतात. तळ्यापासूनच्या अंतरानुसार शेजारच्या विहिरी पावसाळ्यानंतर किती वेगाने उतरतात. आणि विहीर उतरलेला शेतकरी काय करतो, खोल करतो, टँकर घेतो की पीक बदलतो.

सुरुवात दोन विहिरींचीच केलीय.

काळा पाषाण

गॅप छान उतरलीय. दुसऱ्या प्रश्नात मात्र एक धोका दिसतो. अंतर तळ्यापासून का मोजताय? पाणी तळं ओढत नाही, ज्या विहिरीतून किंवा बोअरमधून तळं भरतात ती ओढते, आणि ती कधी कधी तळ्यापासून लांब असते, मधे पाइपलाइन. अंतर तिथून मोजलं नसेल तर प्रश्न आणि तुमचा डेटा जुळणार नाही, आणि हे परीक्षकाला प्रस्तावनेतच दिसेल.

ओलीसुकी

सर, हे डोक्यातच आलं नव्हतं. ३८ विहिरींचं अंतर मी तळ्याच्या काठापासून घेतलंय. उपशाच्या विहिरींच्या जागा नोंदवहीत आहेत पण सगळ्या नाहीत, अकरा ठिकाणी शेतकऱ्याने सांगितलंच नाही. आता तेवढ्यासाठी परत गावात जाऊ, की प्रश्नच "तळ्याच्या परिसरातल्या विहिरी" असा सैल करू? सैल केला तर गॅपमधलं शेवटचं वाक्य टिकेल का?

गोधडी

परत जा. आणि त्या अकरा जणांनी का सांगितलं नाही ते लिहून आण, मला तर तेच पहिलं पान वाटतंय.